हॉलमध्ये नेमकी किती माणसं बसवायची? नोंदणी सुरू करण्याआधीचा हिशेब

नोंदणीचा फॉर्म उघडताना त्यात एक आकडा टाकावा लागतो: जास्तीत जास्त किती जागा. बहुतेक आयोजक हा आकडा दोनपैकी एका ठिकाणाहून उचलतात. एक तर हॉलवाल्याला फोन करून विचारतात, "किती बसतात हो तुमच्याकडे?" नाहीतर लांबी-रुंदीचा गुणाकार करून माणशी जागेने भागतात. दोन्ही आकडे जवळजवळ नेहमीच जास्त निघतात. ते कळतं तेव्हा फॉर्म भरून झालेला असतो आणि लोकांना "तुमची जागा रद्द" असं सांगायची पाळी येते.

हिशेब अवघड नाही, फक्त क्रम पाळावा लागतो. एकाच हॉलसाठी तीन-चार वेगवेगळे आकडे निघतात: परवानगीचा, दारांचा, खुर्च्यांच्या मांडणीचा आणि दिसण्याचा. त्यातला सगळ्यात लहान तो आपला. सरासरी काढायची नाही, मधला आकडा घ्यायचा नाही.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. हॉल १८ मीटर लांब, १२ मीटर रुंद, जमीन सपाट, खुर्च्या सुट्या. एका टोकाला ३ मीटर खोल स्टेज आणि त्यामागच्या भिंतीवर पडदा. मुख्य दार मागच्या भिंतीत मधोमध, दुसरं दार स्टेजजवळ बाजूच्या भिंतीत. कार्यक्रम म्हणजे दोन तासांचं व्याख्यान, पडद्यावर चित्रं आणि मोठ्या अक्षरांतला मजकूर. हॉलच्या पाटीवर लिहिलंय: क्षमता २५०.

## आधी काय जवळ हवं

मोजायची फीत (किमान १० मीटरची), चौकटीचा कागद, पेन्सिल आणि त्या हॉलमध्ये प्रत्यक्ष वापरायची एक खुर्ची. खुर्ची तीच हवी. घरच्या खुर्चीवरून अंदाज बांधला तर ओळीत सातव्या माणसापाशी गणित चुकतं. शक्य असेल तर सोबत एक माणूस न्या, कारण फीत एकट्याने ताणली की मध्ये झोळ पडतो.

हॉलच्या नकाशाची प्रत मिळाली तर घ्या, पण मापं त्यावरून उचलू नका. नकाशा बांधकामाच्या वेळचा असतो. नंतर आलेलं कपाट, एसीचं युनिट, भिंतीला लावलेलं लाकडी पॅनेल त्यात नसतं.

## टप्पा १: पाटीवरचा आकडा कशाचा, ते विचारा

"क्षमता २५०" याचे निदान तीन अर्थ होऊ शकतात. अग्निशमन किंवा तत्सम खात्याने मंजूर केलेली एकूण माणसं, हॉलवाल्याकडे असलेल्या खुर्च्यांची संख्या, किंवा कधीतरी उभ्याच्या कार्यक्रमाला मावलेली गर्दी. मंजुरीचा कागद दाखवायला सांगा. त्यावर आकडा कोणत्या मांडणीसाठी आहे हेही बहुधा लिहिलेलं असतं. नुसत्या खुर्च्या, टेबल-खुर्च्या आणि उभी गर्दी यांचे आकडे वेगळे असतात.

कागदावरचा आकडा ही कमाल मर्यादा. पुढच्या हिशेबातून त्याहून मोठा आकडा आला तरी वर जायचं नाही. लहान आला तर लहान धरायचा. आणि स्थानिक नियम इथे दिलेल्या मापांपेक्षा कडक असतील, तर तेच लागू.

सावधान: मंजूर आकड्यात छताखालचा प्रत्येक माणूस धरलेला असतो: वक्ते, स्वयंसेवक, ध्वनियंत्रणेवरचा माणूस, फोटोग्राफर, मांडीवरचं मूलसुद्धा. २५० म्हणजे २५० श्रोते नव्हेत.

आपल्या उदाहरणात कागद सापडला, आकडा एकूण माणसांचा निघाला. तूर्त मर्यादा: २५०.

## टप्पा २: क्षेत्रफळाचा भागाकार करा आणि बाजूला ठेवा

नुसत्या सुट्या खुर्च्यांसाठी माणशी ०.६५ चौरस मीटर आणि टेबल-खुर्च्यांसाठी १.४ चौरस मीटर ही मापं बऱ्याच ठिकाणी वापरतात. अमेरिकेतल्या 'एनएफपीए १०१' या जीवसुरक्षा संहितेतही हीच आहेत. घोळ होतो तो यांचा अर्थ लावताना.

आपला हॉल २१६ चौरस मीटरचा. २१६ भागिले ०.६५ म्हणजे ३३२ माणसं. इथे स्टेजसुद्धा बसायची जागा धरला गेला. माप निव्वळ जागेचं आहे, त्यामुळे स्टेजची पूर्ण पट्टी (३ गुणिले १२, म्हणजे ३६ चौरस मीटर) वजा केली की १८० उरतात आणि उत्तर २७६ येतं.

हा २७६ म्हणजे "इतकी माणसं आत असू शकतात असं समजून दारांची तयारी तपासा" असा आकडा आहे. इतक्या लोकांना आरामात बसवता येईल असं तो सांगत नाही. ०.६५ मध्ये माणूस, त्याचे गुडघे आणि चालायच्या वाटेतला त्याचा वाटा, सगळं दाटीवाटीने कोंबलेलं आहे. तरी तो काढायचा, कारण एक चूक लगेच दिसते. खुर्च्यांच्या मांडणीतून याहून मोठा आकडा आला, तर वाटा ठेवायला आपण विसरलो आहोत.

## टप्पा ३: दारं मोजा

हा टप्पा लोक सर्रास गाळतात, आणि माझ्या अनुभवात अर्ध्याअधिक हॉलांत खरा आकडा इथेच ठरतो.

दाराची रुंदी म्हणजे चौकटीची रुंदी नव्हे. दार काटकोनात पूर्ण उघडा आणि उघड्या फळीच्या आतल्या बाजूपासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा. फळीची जाडी आणि चौकटीचा खाचा त्यात जातो. दोन फळ्यांचं दार असेल तर दोन्ही खरंच उघडतात का, ते हाताने उघडून पाहा. एका हॉलमध्ये दुसऱ्या फळीची वरची कडी रंगाने इतकी बसली होती की आम्हाला ती हातोडीने सोडवावी लागली. मालक शपथेवर सांगत होते की दार रोज उघडतं. उघडत होतं, अर्धं.

सपाट जमिनीवरच्या दारासाठी माणशी ५ मिलिमीटर आणि जिन्यासाठी माणशी ७.६ मिलिमीटर रुंदी धरतात. पायऱ्यांवर लोक हळू उतरतात म्हणून जिन्याला जास्त. आता उदाहरणातली दारं:

- मुख्य दार: उघडल्यावर मोकळी रुंदी १.६ मीटर. १६०० भागिले ५ म्हणजे ३२० माणसं. बाहेर सपाट व्हरांडा.
- बाजूचं दार: मोकळी रुंदी १.१ मीटर. ११०० भागिले ५ म्हणजे २२० माणसं.

बेरीज ५४०. हे पाहून बहुतेक जण सुटकेचा निःश्वास टाकतात आणि पुढे जातात. त्याआधी दोन गोष्टी करायच्या.

पहिली: दारातून बाहेर पडा आणि मोकळ्या जागेपर्यंत चालत जा. बाजूच्या दाराबाहेर चार पायऱ्या आहेत, त्यांची रुंदीही १.१ मीटर. चारच असल्या तरी पायऱ्या त्या पायऱ्याच. ११०० भागिले ७.६ म्हणजे १४४. दार २२० माणसं सोडेल पण पायऱ्या १४४च उतरवतील, म्हणून त्या मार्गाचा आकडा १४४. बाहेर जाण्याच्या मार्गावरची सगळ्यात अरुंद जागाच त्या मार्गाची ताकद ठरवते, मग ती दार असो, जिना असो की फाटक.

दुसरी: सगळ्यात मोठं दार वापरता येत नाही असं धरा. आग किंवा धूर नेमका त्याच बाजूला असू शकतो. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत असा एकेक मार्ग वगळून हिशेब करण्याची पद्धत आहे. प्रत्येक देशाच्या नियमांत ती नसते, पण दोनच दारांच्या हॉलमध्ये मी ती सोडत नाही. मुख्य दार वगळलं की उरतात फक्त त्या पायऱ्या. आकडा: १४४.

पाटीवरचे २५० आणि दारांचे १४४, फरक शंभराहून जास्त. लक्षात ठेवा, हे १४४ सुद्धा एकूण माणसं आहेत, श्रोते नव्हेत.

तपासा:
- दारं बाहेरच्या बाजूला उघडतात ना? ५० किंवा अधिक माणसांच्या खोलीत गर्दी ज्या दिशेने बाहेर जाणार त्याच दिशेने दार उघडायला हवं. आत उघडणारं दार गर्दीच्या रेट्याने बंदच राहतं.
- दोन दारं एकमेकांपासून पुरेशी लांब आहेत ना? त्यांच्यातलं अंतर हॉलच्या कर्णाच्या निम्म्याहून कमी नसावं, असा नेहमीचा नियम आहे. आपल्या हॉलचा कर्ण सुमारे २१.६ मीटर, निम्मा १०.८. दारांमधलं अंतर सुमारे १५ मीटर आहे, म्हणजे ठीक.
- कार्यक्रम चालू असताना बाजूच्या दाराला कुलूप असणार का? "फुकटे शिरतात म्हणून लावतो" असं उत्तर आलं, तर ते दार हिशेबातून काढा. मग एकच दार उरतं आणि एवढ्या माणसांसाठी तो हॉल घेण्यात अर्थ राहत नाही.

## टप्पा ४: खुर्च्या कागदावर मांडा

आता चौकटीचा कागद घ्या. क्रम असा: आधी ज्या जागा मोकळ्याच ठेवायच्या त्या रंगवून टाका, मग उरलेल्यात खुर्च्या बसवा. उलटं केलं की वाटा हळूहळू आक्रसत जातात, कारण "अजून एक ओळ बसते की" हा मोह कोणालाच आवरत नाही.

खोली. हॉल १८ मीटर. स्टेजचे ३ मीटर गेले. स्टेज आणि पहिली ओळ यांच्यात २ मीटर, कारण बाजूच्या दाराकडे जायची आडवी वाट हीच. मागे मुख्य दारापाशी आणखी २ मीटर. उरले ११ मीटर.

खुर्चीची खोली ५० सेंटिमीटर. एका ओळीच्या पाठीपासून पुढच्या ओळीच्या पाठीपर्यंत ९० सेंटिमीटर ठेवले, तर मध्ये ४० सेंटिमीटर मोकळे राहतात. हे मोकळं अंतर ३० सेंटिमीटरच्या खाली कधीही नेऊ नका; तेवढ्यात माणूस आडवा होऊन जेमतेम सरकतो. मोजताना पुढच्या खुर्चीची पाठ मागे कलते तिथून, मागच्या खुर्चीच्या सर्वांत पुढे आलेल्या भागापर्यंत मोजा. या हिशेबाने १२ ओळींना १०.४ मीटर लागतात, ११ मध्ये बसतात.

रुंदी. हॉल १२ मीटर. मधली वाट १.५ मीटर. खुर्ची स्वतः ४५ सेंटिमीटर रुंद असली तरी माणसाचे खांदे आणि कोपरं त्यात मावत नाहीत. ५० सेंटिमीटरला लोक अर्धा तास कुरकुर न करता बसतात. दोन तासांसाठी ५५ धरा. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना सात-सात खुर्च्या, प्रत्येक गटाला ३.८५ मीटर. दोन्ही मिळून ७.७ मीटर, मधली वाट १.५, उरले २.८. म्हणजे दोन्ही भिंतींकडे १.४ मीटरची वाट.

कागदावर १.४, पण भिंतीतून खांब ३० सेंटिमीटर बाहेर आले आहेत. तिथे वाट १.१ मीटरच. खांबापाशी मिळेल तेवढीच वाट खरी. १.१ चालेल. तिथे कुंडी किंवा बॅनरचा स्टँड ठेवला तर चालणार नाही.

एका ओळीत दोन वाटांच्या मध्ये १४ पेक्षा जास्त खुर्च्या नकोत. ओळीचं एक टोक भिंतीला टेकत असेल तर सातच्या पुढे जाऊ नका. आपल्याकडे दोन वाटांच्या मध्ये सातच आहेत, त्यामुळे मधल्या माणसाला उठून जायचं तर फार तर तिघांना गुडघे आवरावे लागतात.

१२ ओळी गुणिले १४ म्हणजे १६८ खुर्च्या. पन्नास सेंटिमीटरने मांडल्या असत्या तर १६ च्या हिशेबाने १९२ झाल्या असत्या. हा २४ खुर्च्यांचा फरक पाच सेंटिमीटरचा आहे, आणि तो प्रत्येकाच्या खांद्यातून वसूल होतो.

सावधान: सुट्या खुर्च्या कार्यक्रमाच्या पहिल्या पंधरा मिनिटांत सरकतात. लोक शेजाऱ्यापासून लांब जातात, ओळखीच्यांकडे वळतात, आणि बाजूची वाट बघता बघता अर्धी होते. तीन-चार खुर्च्या एकमेकींना अडकवता किंवा बांधता आल्या तर बांधा. नाहीतर वाटांच्या कडेला जमिनीवर रंगीत चिकटपट्टी मारा, म्हणजे स्वयंसेवकाला कुठपर्यंत मागे ढकलायचं ते कळतं.

## टप्पा ५: शेवटच्या ओळीत बसून पाहा

खुर्ची मावते म्हणून तिथून कार्यक्रम दिसतोच असं नाही. पडद्यावरच्या चित्राची उंची मोजा. पडद्याच्या कापडाची उंची घेऊ नका, प्रोजेक्टर प्रत्यक्ष जेवढं चित्र पाडतो तेवढीच घ्या. आपल्याकडे ती १.८ मीटर. शेवटचा प्रेक्षक या उंचीच्या ८ पटीपेक्षा लांब नको. तक्ते किंवा बारीक मजकूर वाचायचा असेल तर ६ पट हीच हद्द. १.८ ची ८ पट १४.४ मीटर, ६ पट १०.८ मीटर.

पडद्यापासून पहिल्या ओळीतल्या माणसाचे डोळे साधारण ५.३ मीटरवर (स्टेज ३, मोकळी जागा २, खुर्चीत ३० सेंटिमीटर मागे). पुढे प्रत्येक ओळीला ९० सेंटिमीटर वाढवत गेलं की अकरावी ओळ १४.३ वर येते आणि बारावी १५.२ वर. बारावी बाद. उरल्या ११ ओळी, म्हणजे १५४ खुर्च्या. वक्ता आकड्यांनी भरलेले तक्ते दाखवणार असता तर सातव्या ओळीलाच थांबावं लागलं असतं. म्हणून नोंदणीआधी वक्त्याला एकच प्रश्न विचारा: पडद्यावर नेमकं काय असेल?

सपाट जमिनीवर आणखी एक भानगड. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे १.२ मीटरवर असतात आणि पुढच्याचं डोकं त्याहून वर येतं. चित्राची खालची कड १.२ मीटरच्या खाली असेल, तर मागच्यांना पडद्यावरच्या मजकुराच्या शेवटच्या दोन ओळी कधीच दिसणार नाहीत. चित्र वर सरकवता आलं तर आधी ते करा. ओळी एक सोडून एक अर्ध्या खुर्चीने सरकवल्यानेही फरक पडतो, पण मग ओळीचं टोक वाटेत येत नाही ना, ते पाहा.

पहिल्या ओळीच्या दोन्ही टोकांनाही बसून पाहा. तिथून पडदा इतका तिरका दिसतो की मान अवघडते. अशा खुर्च्या कागदावरून खोडून टाका.

## टप्पा ६: सगळ्यात लहान आकडा निवडा

आता सगळे आकडे समोर आहेत. कागदी परवानगी २५०, क्षेत्रफळ २७६, दारं १४४, मांडणी १६८, दिसणं १५४. सगळ्यात लहान १४४, आणि तो एकूण माणसांचा.

आतमध्ये श्रोते नसलेले किती? उदाहरणात वक्ता आणि सूत्रसंचालक मिळून २, ध्वनी आणि प्रकाश २, फोटो-व्हिडिओ २, स्वयंसेवक ५, हॉलचा कर्मचारी १. एकूण १२. १४४ वजा १२ म्हणजे १३२ श्रोते.

इथे एक छान गोष्ट घडते. आकडा दारांनी ठरवला, पण जमीन आपल्याकडे त्याहून जास्त आहे. मग ओळींमधलं अंतर ९० वरून १०० सेंटिमीटर करा. दहा ओळी ठेवल्या तर दहाव्या ओळीतले डोळे १४.३ मीटरवर येतात, म्हणजे दिसण्याच्या मर्यादेतच. उरलेली जागा लोकांच्या गुडघ्यांना द्या. तिथे जास्तीच्या खुर्च्यांची चवड रचू नका. रिकामी खुर्ची दिसली की कोणीतरी ती उचलून वाटेत मांडतोच.

## टप्पा ७: व्हीलचेअरच्या जागा आधी, बाकीच्या नंतर

व्हीलचेअरला साधारण ९० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर खोल जागा लागते, म्हणजे रुंदीत दोन खुर्च्यांची. अमेरिकेच्या २०१० च्या मानकांत ५१ ते १५० आसनांच्या सभागृहाला अशा ४ जागा सांगितल्या आहेत. तोच आकडा घेऊ. चारही एका कोपऱ्यात नकोत. दोन पहिल्या ओळीत मधल्या वाटेला लागून, दोन दहाव्या ओळीत.

नवा हिशेब असा:

- पहिली ओळ: १४ पैकी व्हीलचेअरसाठी ४ खुर्च्या काढल्या, तिरक्या दिसणाऱ्या टोकाच्या २ काढल्या. उरल्या ८.
- दुसरी ते नववी ओळ: ८ गुणिले १४, म्हणजे ११२.
- दहावी ओळ: ८ खुर्च्या आणि व्हीलचेअरच्या २ जागा, उरलेलं मोकळं.

खुर्च्या १२८, व्हीलचेअर ४, एकूण १३२. प्रत्येक व्हीलचेअरशेजारची एक खुर्ची सोबतच्या माणसासाठी राखून ठेवा. माणूस तीन ओळी मागे बसणार असेल तर त्याला सोबत म्हणता येत नाही.

तपासा: बाजूच्या दाराबाहेर पायऱ्या आहेत, म्हणजे मुख्य दार बंद पडलं तर या चौघांचं काय? तिथे उतार करता येतो का ते हॉलवाल्याला विचारा. येत नसेल, तर या चौघांना कोण आणि कसं बाहेर नेणार हे आधी ठरवून त्या स्वयंसेवकांना सांगा. याचं उत्तर मिळाल्याशिवाय फॉर्म उघडू नका.

## टप्पा ८: प्रत्यक्ष मांडून पाहा

सगळा हॉल भरायची गरज नाही. एका गटाच्या सात खुर्च्यांच्या तीन ओळी मांडा. जाडजूड बांध्याची दोन-तीन माणसं त्यात बसवा आणि मधल्या खुर्चीवरच्याला बाहेर यायला सांगा. बसलेल्यांना उभं राहावं लागलं तर अंतर कमी पडतंय. नुसते गुडघे बाजूला घेऊन भागलं तर बरोबर. खांबापाशी दोघांना एकमेकांशेजारून चालत जायला सांगा. खांदे घासले तर तिथली शेवटची खुर्ची काढा आणि १३२ मधून ती वजा करा.

ही तालीम दिवसाउजेडी करत असाल तर दिवे बंद करूनही एकदा बाजूच्या दारापर्यंत चाला. अंधारात दाराची दिशा दिसते का, उंबरठ्याला ठेच लागते का, हे तेव्हाच कळतं.

## टप्पा ९: फॉर्ममध्ये कोणता आकडा टाकायचा

१३२ थेट टाकू नका. आमंत्रितांच्या आठ खुर्च्या आधी बाजूला काढा. उरले १२४. त्यात चार जागा व्हीलचेअरच्या, त्यांच्यासाठी फॉर्ममध्ये वेगळा पर्याय. सर्वसाधारण नोंदणी १२० ला बंद व्हायला हवी, आणि सोबतच्या माणसांच्या चार खुर्च्या याच १२० मधल्या. "तुमच्यासोबत किती जण?" असा रकाना ठेवलात तर मर्यादा माणसांवर लागते की अर्जांवर, हे स्वतः दोन खोटे अर्ज भरून तपासा. १२० अर्ज आणि प्रत्येकी दोन माणसं, असा घोटाळा मी पाहिला आहे. फॉर्म बरोबर चालला होता, प्रश्नच चुकीचा विचारला होता.

आता नेहमीचा वाद: "सगळे थोडेच येतात, वीस-तीस जास्त घेऊ." मोफत कार्यक्रमाला बरेच जण येत नाहीत हे खरं. पण ज्या दिवशी सगळे येतील त्या दिवशी पायऱ्यांची रुंदी वाढणार नाही. म्हणून जास्तीचे लोक पक्क्या नोंदणीत न घेता प्रतीक्षायादीत घ्या आणि पुष्टीच्या संदेशात साफ लिहा: "कार्यक्रम सुरू होण्याच्या १० मिनिटं आधीपर्यंत आला नाहीत तर जागा प्रतीक्षायादीला दिली जाईल." यादीतल्यांना बाहेर थांबवा, आत घेऊन भिंतीशी उभं करू नका. उभा माणूसही १४४ मधलाच, आणि तो बहुधा वाटेतच उभा राहतो.

लहान मुलांबद्दल फॉर्ममध्येच लिहा की प्रत्येक मुलाची नोंदणी हवी. मांडीवर बसणारं मूल खुर्ची घेत नाही, पण बाहेर पडताना दारातून त्यालाही न्यायचंच असतं.

## टप्पा १०: त्या दिवशी दारात मोजणी

नोंदणीचं टेबल हॉलच्या बाहेर ठेवा. दाराच्या आत ठेवलं तर मुख्य दाराची १.६ मीटर रुंदी टेबल आणि त्याभोवतीची रांग मिळून खातात. एक स्वयंसेवक फक्त मोजणीला: आत गेलेले अधिक, बाहेर आलेले वजा. हातातलं मोजणीचं बटण असेल तर उत्तम, नाहीतर कागदावर पाच-पाचच्या रेघा. १३२ झाले की त्याने दार थांबवायचं, आयोजकाला विचारायला जायचं नाही. हा अधिकार त्याला आधी आणि सगळ्यांसमोर द्या, नाहीतर ओळखीचा माणूस समोर आला की तो बाजूला होतो.

कार्यक्रम सुरू होण्याच्या वीस मिनिटं आधी एक फेरी मारा. बाजूच्या दाराच्या दोन्ही फळ्या उघडतात का, बाहेरच्या पायऱ्यांवर कोणी दुचाकी लावली आहे का, ध्वनियंत्रणेच्या वायरी वाटेत आडव्या आहेत का. खांबापाशी फीत पुन्हा लावून पाहा; १.१ मीटर भरले नाहीत तर वाटेतली खुर्ची किंवा वस्तू तिथल्या तिथे हलवा. अशीच दुसरी फेरी मध्यंतरानंतर मारा, कारण लोक परतताना खुर्च्या हमखास फिरवतात.

मांडणी बदलली की मात्र हा सगळा कागद रद्द. हाच हॉल कार्यशाळेसाठी टेबलं लावून घेतला तर माणशी १.४ चौरस मीटरने १८० मध्ये १२८ येतात, आणि टेबलांभोवतीच्या वाटा रेखाटल्यावर तोही आकडा खाली येतो. तेव्हा टप्पा ४ पासून पुन्हा सुरुवात करा. टप्पा ३ मधले १४४ मात्र तसेच राहतात, पायऱ्या त्याच आहेत.